दिवाळीनंतर आलेला मुलगा

जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा सगळेच थोडेसे नवे असतात. वर्ग नवा, बाई नव्या, बाकांवर कोण कुठे बसणार ते ठरायचं असतं. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, तोवर हे सगळं ठरून गेलेलं असतं. मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर डबा खातो, खो-खोच्या संघात कोण, मॉनिटरचा माणूस कोण, व्हॅनमध्ये खिडकी कोणाची, याचे अलिखित करार झालेले असतात. सहामाहीचे निकाल लागल्यामुळे हुशार कोण आणि ‘ढ’ कोण, हेही जाहीर असतं. अशा वेळी हातात दाखला घेऊन एखादा मुलगा वर्गाच्या दारात उभा राहतो.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या कायद्याने एरवी एप्रिल-मेमध्येच व्हायच्या असतात, त्यामुळे त्यांच्या मुलांची ही अडचण थोडीफार टळते. पण बँका, खासगी कंपन्या, आजारपण, घरातला एखादा मृत्यू, आईवडिलांचं वेगळं होणं यांना शाळेचं वेळापत्रक ठाऊक नसतं. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची मुलं तर नेमकी याच दिवसांत गाव सोडतात. त्यांचे प्रश्न इतके वेगळे आणि मोठे आहेत की ते इथे ओझरते उरकणं बरं नाही.

इथे अमरावतीहून नोव्हेंबरात पुण्यात आलेला सातवीतला एक मुलगा घेऊ. हा कोणी एक मुलगा नाही, बदली झालेल्या अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील जुळवून त्याला उभा केला आहे. पहिल्या आठवड्यात गणिताच्या तासाला सरांनी एक उदाहरण फळ्यावर सोडवून घेतलं आणि उत्तर असंच का आलं, ते समजलं का, असं विचारलं. हा म्हणाला, “काऊन आलं ते मले नाही समजलं, सर.” वर्ग हसला. सरही हसले आणि सहज म्हणाले, “मले नाही रे, मला.” सरांच्या लेखी विषय तिथे संपला. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाचं नाव मात्र ‘काऊन’ पडलं होतं.

इथवर हे चिडवणंच आहे आणि चिडवाचिडवी कुठल्या शाळेत होत नाही? फरक पडला पुढच्या तीन आठवड्यांत. त्याच्या कंपासमधला कर्कटक गेला. पीटीच्या तासाला दोन संघ पाडताना तो दोनदा शेवटी उरला आणि तिसऱ्यांदा त्याने पाय मुरगळल्याचं सांगितलं. एका मुलाने आडनाव विचारलं, ते समजल्यावर “म्हणजे कोण तुम्ही?” असंही विचारलं. महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मग वर्गातल्या पाच-सहा जणांनी डब्याच्या वेळी त्याला गोलात घ्यायचं नाही असं ठरवलं. बाकीच्यांनी काहीच ठरवलं नाही, पण तेही त्याच्याजवळ बसले नाहीत.

चिडवणं संपून छळ कुठे सुरू होतो, हे ओळखण्याची एक जुनी आणि अजूनही कामाची कसोटी नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्वेअस यांनी घालून दिली. उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर १९८३ साली त्या देशाने शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिच्यामागे ऑल्वेअस यांचं काम होतं. त्यांच्या कसोटीत तीन गोष्टी बघायच्या असतात. दुखावण्याचा हेतू आहे का, ते पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोन्ही बाजूंची ताकद असमान आहे का. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाच्या बाबतीत तिसरी गोष्ट पहिल्याच दिवशी लागू होते. तो अंगाने दणकट असला, अभ्यासात पुढे असला, तरी त्याच्या बाजूने बोलणारं वर्गात कोणी नसतं. असमानता ती हीच. पालकांच्या नजरेतून ती सुटते, कारण घरी त्यांना आपला धट्टाकट्टा, बडबड्या मुलगाच दिसत असतो.

बाजूने बोलणारं कोणी असण्याने किती फरक पडतो, हे कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून पाहिलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की छळाच्या बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती, पण मध्ये कोणी पडलं ते पाचातल्या जेमतेम एका प्रसंगात. जेव्हा कोणी पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दुसऱ्या एका अभ्यासात, १९९९ साली, असं आढळलं की ज्या मुलाला निदान एक जिवलग मित्र आहे, त्याच्या वाट्याला आलेला छळ वाढत जाण्याची शक्यता कमी होते. दहा मित्र लागत नाहीत. या लेखात पुढे जे काही सांगितलं आहे, त्याचा रोख या एका मित्राकडे आहे. पालकांची पहिली धडपड मात्र बहुतेकदा त्रास देणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून असते. ती चूक म्हणता येणार नाही, पण तिचा क्रम नंतरचा आहे.

उशीर झाला तर काय होतं, याचं एक नोंदलं गेलेलं उदाहरण जपानमधलं आहे. मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि तिथून बाहेर पडलेल्या एका कुटुंबाचा दुसरीतला मुलगा ऑगस्टमध्ये योकोहामाच्या शाळेत दाखल झाला. त्याच्या नावाला ‘जंतू’ हा शब्द जोडून मुलं त्याला हाका मारू लागली; किरणोत्सर्गाच्या गावाहून आलेला, म्हणून. पाचवीत असताना मामला पैशांवर गेला. तुम्हाला नुकसानभरपाई मिळालीय ना, असं म्हणून मुलांनी त्याला खेळण्याच्या दुकानांत आणि बाहेर फिरताना खर्च करायला लावला. त्याने घरातून नेलेली रक्कम पंधरा लाख येनांच्या आसपास भरली, म्हणजे साधारण नऊ लाख रुपये. पालकांनी शाळेला सांगितलं, मुलाने शाळेत जाणं सोडलं, तरी शाळा आणि शहराचं शिक्षण मंडळ हलले नाहीत. जपानमध्ये २०१३ पासून शालेय छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि मूल दीर्घकाळ शाळेत येत नसेल तर ‘गंभीर प्रकरण’ म्हणून चौकशी करणं त्या कायद्याने बंधनकारक आहे. ती चौकशी कुटुंबाने स्वतः मागणी केल्यावरच झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये चौकशी समितीचे निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा समितीने छळ झाल्याचं मान्य केलं आणि शाळेच्या व मंडळाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. मुलगा तोवर तेरा वर्षांचा झाला होता. एवढं होऊनही, मुलाने दिलेले पैसे हा छळाचा भाग म्हणायचा की त्याने केलेली ‘मेजवानी’, यावर शिक्षण मंडळाच्या प्रमुखांनी जानेवारी २०१७ मध्ये घोळ घातला आणि टीका झाल्यावर माघार घेतली.

या प्रकरणात आपल्या पालकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पैशांची नाही. शब्दापासून पैशांपर्यंत पोचायला जवळजवळ तीन वर्षं लागली. ‘जंतू’ ही हाक पहिल्या काही आठवड्यांतली होती, तेव्हा ती मोडायला फारसं काही लागलं नसतं.

त्या पहिल्या आठवड्यांत घरी काय दिसतं? मुलं “मला त्रास देतात” असं सहसा म्हणत नाहीत. बदलीमुळे आईबाबाही ओढाताणीत आहेत, हे त्यांना कळत असतं, आणि आपण तक्रार केली तर ‘तुझ्यासाठी एवढं करतोय आणि तू’ हे वाक्य येणार, अशी त्यांची खात्री असते. म्हणून बारक्या गोष्टींकडे बघावं लागतं. शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून मूल धावत संडासात जात असेल आणि हे रोजचंच झालं असेल, तर ते दिवसभर शाळेच्या स्वच्छतागृहात गेलेलं नाही. कारण घाण असू शकतं. पण स्वच्छतागृह ही शिक्षकांची नजर नसलेली जागा असते, हेही कारण असू शकतं. पाण्याची बाटली भरलेलीच परत येणं याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. डबा तसाच परत येतो, किंवा चाटूनपुसून रिकामा येतो आणि तरी मूल भुकेलेलं असतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं, शनिवारी दुखत नाही. कंपास, खोडरबर, टोपी वारंवार हरवते. व्हॅनने जाणारं मूल अचानक चालत जातो म्हणतं. आपल्या अमरावतीच्या मुलाने घरी आजीशी फोनवर बोलताना ‘मले’ म्हणणं सोडून दिलं. आजीला ते लगेच कळलं, आईबाबांना वाटलं मुलगा पुण्यात रुळतोय.

यातली एखादी खूण एकटी दिसली तर तिचा काही अर्थ निघत नाही. नवं गाव, नवं पाणी, नवी शाळा, पोट बिघडायला एवढं पुरतं. दोन-तीन खुणा दोन आठवडे एकत्र राहिल्या, तर मात्र बोलायला हवं.

हे बोलणं कसं सुरू करावं, यावर बरंच अवलंबून असतं. “तुला कोणी त्रास देतं का?” या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण ‘हो’ म्हणणं म्हणजे हरल्याची कबुली देणं. माणसांऐवजी जागा आणि वेळा विचाराव्यात. आज मधल्या सुट्टीत कुठे बसून डबा खाल्लास? ऑफ तासाला काय केलंत? व्हॅनमध्ये शेजारी कोण होतं? उत्तरं तुकड्यातुकड्यांनी येतात. समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा स्कूटरवरून जाताना किंवा भाजी निवडताना विचारलेलं बरं, कारण तेव्हा एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मुलाने सांगायला सुरुवात केली की दोन वाक्यं ओठांवर येतात आणि दोन्ही गिळावी लागतात. एक, “तूही एक ठेवून द्यायची.” एकटा मुलगा पाच जणांत एक ठेवून देतो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत तोच उभा राहतो. दुसरं, “लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबेल.” मुलाने इतके दिवस तेच करून पाहिलेलं असतं.

“कोणाला सांगू नका” असं मूल म्हणालं, तर तसं वचन देऊ नये. “तुला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही,” एवढं मात्र म्हणता येतं आणि मग ते पाळावं लागतं. मुलाला भीती असते ती उद्या आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहण्याची.

त्याच रात्री एक साधी वही काढावी. तारीख, तास किंवा वेळ, जागा, कोण होतं, नेमके शब्द काय होते, कोणी पाहिलं. मोबाइलवरचे मेसेज असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट. आपल्या मुलाच्या वहीत आठ-दहा दिवसांनंतर काय दिसलं असेल? दहापैकी सात नोंदी मधल्या सुट्टीच्या, जिन्याजवळच्या नळापाशी. दोन पीटीच्या तासाच्या. एक व्हॅनमधली. मुलगा म्हणत होता, “सगळे मला त्रास देतात.” वहीत मात्र तीनच नावं पुन्हा पुन्हा आली आणि त्यातलं एक प्रत्येक वेळी. शाळेला ‘सगळ्या वर्गाचं’ काही करता येत नाही; नळापाशी मधल्या सुट्टीत एक शिक्षक उभा करता येतो.

वही घेऊन जायचं ते वर्गशिक्षकांकडे, मुख्याध्यापकांकडे नंतर. गेटवर, शाळा सुटताना, चाळीस मुलांच्या गराड्यात हे बोलणं होत नाही. वेळ मागून घ्यावी, वीस मिनिटं पुरतात. आवाज तक्रारीचा ठेवण्यापेक्षा मदत मागण्याचा ठेवावा, कारण बहुतेक शिक्षकांना यातलं निम्मंअधिक खरोखरच माहीत नसतं. त्या गणिताच्या सरांना आपण वर्गाला एक टोपणनाव पुरवलं आहे, याची कल्पनाही नसणार. आणि मागणी ठोस असावी. मुलाची जागा बदलून त्याला सांभाळून घेईल अशा एखाद्या मुलाशेजारी बसवता येईल का? मधल्या सुट्टीत त्या दोघांना मिळून एखादं काम देता येईल का, ग्रंथालयाची पुस्तकं लावणं, फळ्यावर सुविचार लिहिणं, काहीही? पीटीला संघ मुलांनी निवडण्याऐवजी सरांनी पाडले तर? आधीच्या शाळेत न झालेले धडे आणि वह्या भरून घ्यायला कोणाची वही मिळेल? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वही मागण्याच्या निमित्ताने दोन मुलांना रोज बोलावं लागतं, आणि बोलायला काही कारण असणं नव्या मुलाला फार उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र शिक्षकांना विनंती करून टाळायला सांगावी. आपल्याकडे अशी तक्रार आली की दोघांना बोलावून, दोघांनाही थोडं रागावून, “चला, हात मिळवा, मित्र व्हा” असं करण्याची पद्धत आहे. दोन बरोबरीच्या मुलांच्या भांडणात हे चालतं. ताकद असमान असते, तिथे त्याचा अर्थ असा होतो की चूक दोघांची होती आणि हात मिळवून ती संपली. बाहेर पडल्यावर त्रास देणाऱ्याला फक्त एवढंच कळलेलं असतं की तक्रार कोणी केली. मुलांना वेगवेगळं बोलावून विचारावं आणि नाव न घेता नळापाशी लक्ष ठेवावं. शिक्षकांनी स्वतः पाहिलं, असं झालं तर नव्या मुलावर चुगलखोरीचा शिक्का बसत नाही.

भेटीनंतर घरी येऊन शाळेच्या नावे अर्ध्या पानाचा अर्ज लिहावा. कोणत्या तारखेला भेटलो, काय सांगितलं, काय ठरलं आणि पुन्हा कधी भेटणार. एक प्रत शाळेच्या कार्यालयात देऊन दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. सूर सौम्यच राहू द्यावा. पुढे गरज पडली तर हा कागद उपयोगी येतो, आणि नाही पडली तर फाइलमध्ये राहतो. योकोहामातल्या कुटुंबाने शाळेला सांगितलं होतंच. ते किती गांभीर्याने घ्यायचं, हे मात्र शाळेवर सोपवलं गेलं.

दरम्यान घरचं काम सुरू असतं. पूर्ण वर्गाला वाढदिवसाला बोलावून नवा मुलगा रुळेल, असं अनेकांना वाटतं. त्यातून बहुधा घरातही शाळेतलेच गट बसतात आणि आपला मुलगा आपल्याच घरात कोपऱ्यात उभा राहतो. एकाच मुलाला बोलवावं, शक्यतो त्याच सोसायटीतला किंवा त्याच व्हॅनमधला, आणि गप्पा मारायला न बोलावता काहीतरी करायला बोलवावं. विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प, क्रिकेट, सायकल दुरुस्ती. शाळेबाहेरचा तबल्याचा वर्ग किंवा कबड्डीचा संघ असेल तर तिथे सगळेच वेगवेगळ्या शाळांतून आलेले असतात आणि ‘बाहेरचा’ असं कोणी उरत नाही. अमरावतीच्या जुन्या मित्रांशी आठवड्यातून एकदा फोन चालू राहिला तरी हरकत नाही. त्याने मूल नव्या गावात रुळत नाही, ही भीती निराधार आहे. एखाद्या ठिकाणी आपण आवडतो, हे मुलाला ठाऊक असलेलं बरं.

दोन दारं मात्र ठोठावू नयेत. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरचं पहिलं. कुठल्याही आईबापाला आपलं मूल आरोपी म्हणून ऐकायचं नसतं. बोलणं पाचव्या मिनिटाला संस्कारांवर आणि सहाव्या मिनिटाला “तुम्ही बाहेरून आलेले लोक” इथवर पोचतं. दुसरं, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे टाकलेला मजकूर रात्री दहाच्या आत वर्गातल्या प्रत्येक मुलापर्यंत जातो.

बहुतेक वेळा शिक्षकांची नजर आणि एक मित्र मिळाला की महिनाभरात धार कमी होते. ‘काऊन’ हे नाव कदाचित राहीलही, फक्त त्यातला डंख जाईल, आणि ते चालेल की नाही, हे मुलालाच विचारावं. पण ठरलेल्या तारखेपर्यंत काहीच हललं नसेल, तर मुख्याध्यापकांकडे लेखी जायचं. सीबीएसईने २०१५ साली आपल्या शाळांना छळ रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शाळा सीबीएसईची असेल तर त्या समितीचं नाव घेऊनच विचारावं. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘सखी सावित्री’ समिती आणि तक्रारपेटी असणं अपेक्षित आहे. तिथेही दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी, आणि मुलांसाठीची १०९८ ही मोफत हेल्पलाइन, जिच्यावर मूल स्वतःही फोन करू शकतं.

काही गोष्टींत ही पायरी-पायरीची वाट धरायची नसते. मारहाण, पैशांची मागणी, कपडे काढायला लावणं किंवा तसा फोटो काढणं, जातीवरून शिवीगाळ, आणि मुलाने जगणं नकोसं झाल्याचं बोलून दाखवणं. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापक, आणि गरजेप्रमाणे पोलीस किंवा डॉक्टर. शेवटच्या बाबतीत मुलाला त्या रात्री एकटं झोपवू नये आणि ‘लक्ष वेधून घेतोय’ असा अर्थ तर मुळीच काढू नये.

शाळा बदलावी का, हा प्रश्न घरात केव्हा तरी येतोच. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. विनाअनुदानित खासगी शाळेत बदली मागण्याचा असा हक्क हे कलम देत नाही. म्हणजे कागदाची अडचण फारशी नाही. अडचण अशी की फेब्रुवारीत शाळा बदलली तर मूल त्याच वर्षात दुसऱ्यांदा ‘मध्येच आलेलं’ ठरतं, आणि या वेळी वार्षिक परीक्षा तोंडावर असते. शाळेने लेखी तक्रारीनंतरही हात वर केले असतील किंवा मुलाच्या जिवाला अपाय होईल अशी परिस्थिती असेल, तर तरीही बदलावी. तसं नसेल, तर जूनपर्यंत थांबून, नव्या तुकडीत त्या तीन नावांपासून वेगळं आणि झालेल्या एका मित्रासोबत बसवण्याची विनंती एप्रिलमध्येच लेखी देऊन ठेवावी. तुकड्या मे महिन्यात पाडल्या जातात, त्यामुळे जूनमध्ये केलेली विनंती बहुधा उशिराची ठरते.